वाळणे म्हणजे शिजणे नव्हे
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. भाषण करण्याची मला सवय नाही. पण नाताळात मी नक्षीची बिस्किटे करते हे आपणा सर्वांना ठाऊक आहे, आणि त्यांवरचे ते पांढरेशुभ्र, कडक आयसिंग कसे करतात असे पुष्कळजणी विचारतात. म्हणून अध्यक्षाबाईंनी मला उभे केले. कृती मी सांगणारच आहे. पण कृतीच्या आधी माझी एक चूक सांगते, कारण ती कळली की कृती का तशी हे आपोआप कळेल.

आपल्या वसईत नाताळ आला की घरोघरी केक आणि गोडाधोडाचा घमघमाट सुटतो. आमच्या आळीतल्या एका मावशींकडून मी हे रॉयल आयसिंग शिकले. कच्च्या अंड्याचे पांढरे, बारीक साखर आणि चार थेंब लिंबाचा रस, सगळे फेटायचे आणि कोनात भरून मेंदी काढावी तशी नक्षी काढायची. रात्रभर ठेवले की दगडासारखे वाळते. मावशींनी तसेच शिकवले, मीही तसेच करत गेले.

चार वर्षांपूर्वी जुलै महिन्यात आमच्या घरी पुतणीचे बारसे होते. मी हौसेने साठ बिस्किटे केली. कोणावर पाळणा, कोणावर खुळखुळा. आदल्या दिवशी माझ्या नणंदबाई आल्या. त्या दवाखान्यात नर्स आहेत. त्यांनी ताटे पाहिली, कौतुक केले, आणि विचारले, "वहिनी, अंड्याचे पांढरे शिजवून घेतले होते ना?"

मी म्हटले, "शिजवायचे कशाला वन्सं? वाळून कडक झालेय की!"

त्या म्हणाल्या, "वाळणे म्हणजे शिजणे नव्हे. कच्च्या अंड्यात साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. साखरेत ते वाढत नाहीत हे खरे, पण मरतही नाहीत. वाळल्यावर नुसते थांबून राहतात आणि पोटात गेले की उठतात. मग जुलाब, ताप, पोटात कळा. खाल्ल्यावर सहा तासांनीही येईल, सहा दिवसांनीही येईल. धडधाकट माणूस सोसेल, पण घरात बाळंतीण आहे, आपल्या आईंचे वय झालेय."

मी विचारले, "मग आता जरा ओव्हनमध्ये ठेवून गरम करू का?" त्या म्हणाल्या, "नको. कोरड्या पदार्थातले जंतू उलट उष्णतेला अधिक दाद देत नाहीत. तेवढी आच दिलीत तर आयसिंग पिवळे पडेल आणि बिस्किट करपेल. जे करायचे ते ओले असतानाच."

मैत्रिणींनो, ती साठ बिस्किटे मी टाकली. तूप, साखर, दोन दिवसांची मेहनत सगळे गेले, आणि त्या रात्री मला रडू आले. पण नंतर वाटले, हे मला आधीच कळायला हवे होते. आपण कुरडया करतो तेव्हा काय करतो? चीक आधी चांगला शिजवतो आणि मग वाळत घालतो. ऊन शिजवण्याचे काम करत नाही, ते फक्त पाणी काढते. आयसिंगचेही तेच.

आता दोन रीती सांगते. दोन्हीत साखर अर्धा किलोला थोडी कमी, म्हणजे साडेचारशे ग्रॅम आयसिंग शुगर. ती मलमलीतून चाळून घ्यायची, नाहीतर एक खडा कोनाच्या तोंडाशी अडकतो आणि सगळी नक्षी बिघडते. भांडे आणि रवी यांना तुपातेलाचा अंशही नसावा. मी भांडे लिंबाच्या फोडीने पुसून घेते. पांढऱ्यात पिवळ्याचा ठिपका पडला तरी ते फुगत नाही, म्हणून प्रत्येक अंडे आधी वाटीत फोडावे.

पहिली रीत अंड्याची. तीन अंड्यांचे पांढरे, सुमारे नव्वद ग्रॅम. त्यांत एकंदर साखरेतली शंभर ग्रॅम साखर आणि लहान चमचाभर लिंबाचा रस घालावा. एका पातेल्यात थोडे पाणी मंद उकळत ठेवावे आणि हे भांडे त्यावर वाफेवर धरावे, बूड पाण्याला लागू देऊ नये. हात न थांबवता ढवळत राहावे. ही साखर पोटात असते म्हणून पांढरे लगेच गोठत नाही. साखरेशिवाय तापवले तर आम्लेट होईल. स्वयंपाकाचा थर्मामीटर मधोमध बुडवून, तळाला न टेकवता पाहावे. एकाहत्तर डिग्री सेल्सिअस झाले की उतरवावे. पांढरे गोठून त्याचे तुकडे दिसू लागले तर आच फार झाली, ते भांडे सोडून द्यावे आणि पुन्हा करावे. उतरवल्यावर फेटत फेटत गार करावे आणि उरलेली साखर थोडी थोडी घालावी.

एक गोष्ट विसरू नका. जी रवी आणि जो चमचा कच्च्या पांढऱ्यात होता तो साबणाने धुतल्याशिवाय तयार आयसिंगला लावू नये. थर्मामीटरही कच्च्यात बुडवला असेल तर धुऊन मगच पुन्हा पाहावा. नाहीतर तापवल्याचा उपयोग काय? आणि थर्मामीटर खरा आहे का हे उकळत्या पाण्यात बुडवून पाहावे. आपण समुद्राकाठी राहतो, त्यामुळे तो शंभरच्या जवळ दाखवायला हवा. थर्मामीटर नसेल तर ही रीत करूच नये. अंदाजाने एकाहत्तर डिग्री कोणालाही कळत नाहीत.

दुसरी रीत मेरिंग पावडरची. ही पावडर म्हणजे वाळवलेले अंड्याचे पांढरे, आणि ते तयार करतानाच उष्णतेने जंतुमुक्त केलेले असते. त्यात साखर, मक्याचे पीठ, डिंक असे जोडीला घालतात. मोठे तीन चमचे पावडर, सहा चमचे उकळून कोमट केलेले पाणी आणि तीच साडेचारशे ग्रॅम साखर. पावडर आधी पाण्यात भिजवून विरघळवायची, मग साखर घालून बीटर मंद चालवून पाचसात मिनिटे फेटायचे. बीटर उचलला की टोक उभे राहावे. जास्त जोरात व फार वेळ फेटले तर हवा भरते आणि वाळल्यावर आयसिंग ठिसूळ, बुडबुड्यांचे होते.

या पावडरीविषयी पुष्कळजणींचा गैरसमज होतो. पावडर आहे म्हणजे अंडे नाही, असे वाटते. तसे नाही. ती अंड्याचीच आहे. ज्यांच्या घरी अंडे चालत नाही त्यांना न सांगता खाऊ घालू नये, आणि ज्या मुलाला अंडे बाधते त्याला दोन्ही रीतींचे आयसिंग वर्ज्यच. तापवून जंतू मरतात, बाधा जात नाही.

नक्षीसाठी आयसिंग दोन प्रकारचे लागते. कडेची रेघ काढायला घट्ट श्रीखंडासारखे. आतला भाग भरायला त्यात थेंब थेंब पाणी घालून पातळ करायचे. सुरीने रेघ ओढावी आणि मनात मोजावे. दहापंधरा आकड्यांत रेघ मिटली तर ठीक. लगेच मिटली तर फार पातळ, ते उशिरा वाळेल आणि मध्ये खड्डा पडेल. काम चालू असताना भांड्यावर ओले फडके घालावे, नाहीतर वरून साय धरल्यासारखी पापडी धरते.

आता वाळवण्याचे. पुढच्या खेपेला मी आयसिंग शिकवल्याप्रमाणे नीट केले, पण पावसाळ्यात घाई केली. ते दिवस असे की मीठही ओले होते. सकाळी दहाला बिस्किटे भरली, संध्याकाळी हात लावला तर वरून कोरडी लागली. डब्यात एकावर एक रचली. सकाळी पाहते तो वरची खालच्याला चिकटलेली, आणि लाल फुलांचा रंग पांढऱ्यात ओघळलेला. वरचा थर वाळला होता, पोट ओले होते.

तेव्हापासून मी असे करते. बिस्किटे पूर्ण गार झाल्यावरच आयसिंग घालते. गरम बिस्किटाचे तूप वर येऊन पिवळे डाग पडतात. आयसिंग घातल्यावर ती एकेक मोकळी जाळीवर ठेवते आणि टेबलपंखा दोन हातांवर मंद लावते. पहिला तासभर पंखा महत्त्वाचा. वरचा थर लवकर धरला की चकाकी राहते आणि खड्डे पडत नाहीत. लाल किंवा काळ्याशेजारी पांढरे भरायचे असेल तर पहिला रंग रात्रभर वाळू देते. कोरड्या हवेत आठ ते बारा तास पुरतात, पावसाळ्यात चोवीस तास धरावेत. घरात वातानुकूलन असेल तर त्या खोलीत दार लावून ठेवावीत.

उन्हात ठेवू नयेत. तूप पाझरते, रंग उडतो, माश्या बसतात. फ्रिजमध्येही नको, कारण बाहेर काढताच वर दव धरते आणि साखर पाझरते. मुंग्यांसाठी टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवते आणि वरून जाळीचे झाकण.

वाळले हे ओळखायचे कसे? ओले आयसिंग चमकते, वाळलेले जरा मळकट दिसते. पण डोळ्यांवर भरवसा ठेवू नये. एक बिस्किट जास्तीचे करावे आणि त्याच्यावर मधोमध अंगठ्याने दाबावे. दबले तर आणखी वाट पाहावी. शंका राहिली तर ते मोडून पाहावे. आतला थर पांढरा, कोरडा असेल तरच बाकीची रचावीत. मी दोन थरांमध्ये बटरपेपर घालते.

उरलेल्या आयसिंगचे काय? अंड्याचे असेल तर मी त्याच दिवशी संपवते, नाहीतर टाकते. पावडरीचे हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याच्या आत वापरते. पाणी वेगळे झाले तर हलवून घेते, वास बदलला तर फेकते.

आज मागच्या टेबलावर दोन ताटे ठेवली आहेत. एकावर चिठ्ठी आहे, "अंडे आहे". त्यावर पावडरीचे आयसिंग घातलेली बिस्किटे आहेत. दुसऱ्या ताटातली साधी, नक्षी नसलेली, अंड्याशिवायची आहेत. आपापल्या घरच्या रीतीप्रमाणे घ्यावीत. आणि घेताना तळाच्या थरातले एक उचलून पाहावे, चिकटले नसेल तर माझी शिकवणी खरी धरावी.

एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते.