निकाल, कारणे आणि निर्देश : फूटपाथवासीयांच्या खटल्याचे वाचन

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै १९८५ रोजी दिला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्यासह पाच न्यायमूर्तींचे ते घटनापीठ होते. या निकालाविषयी चळवळीत दोन परस्परविरोधी गोष्टी सांगितल्या जातात. न्यायालयाने फूटपाथवर राहण्याचा हक्क मान्य केला, असे काहीजण म्हणतात. न्यायालयाने गरिबांना हाकलून देण्याचा हुकूम दिला, असे इतर म्हणतात. दोन्ही विधाने चुकीची आहेत आणि चुकीचे मूळ एकच आहे. निकालपत्रात तीन वेगळ्या वस्तू असतात : निकाल, त्यामागील कारणे आणि निर्देश. त्या एकमेकींत मिसळल्या की वस्तीत चुकीचा संदेश जातो.

आधी खटल्याची हकिकत. जुलै १९८१ मध्ये, ऐन पावसाळ्यात, महाराष्ट्राचे तत्कालीन मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांनी मुंबईतील फूटपाथवासीयांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठविण्याची घोषणा केली. २३ जुलैला झोपड्या पाडल्या गेल्या. याचिकादारांमध्ये तामिळनाडूतील सेलमहून १९६१ साली आलेला एक भूमिहीन मजूर होता. दहिसरच्या कारखान्यात तो रोज २३ रुपयांवर काम करी. त्याला कुटुंबासह बसमध्ये घालून सेलमला पाठविण्यात आले. बायको-मुली तेथेच राहिल्या, तो मात्र कामाच्या शोधात परत मुंबईला आला आणि पुन्हा फूटपाथवरच राहू लागला.

निकाल शोधताना पहिला प्रश्न विचारावा : याचिकादारांनी काय मागितले होते आणि त्यातले काय मिळाले? मागणी अशी होती की, नोटिशीविना अतिक्रमण हटविण्याचा अधिकार आयुक्तांना देणारे मुंबई महानगरपालिका अधिनियमाचे कलम ३१४ घटनाबाह्य ठरवावे आणि पर्यायी जागा दिल्याशिवाय झोपड्या हटविण्यास मनाई करावी. या दोन्ही गोष्टी मिळाल्या नाहीत. कलम वैध ठरले. फूटपाथ हे पादचाऱ्यांसाठी आहेत, तेथे खाजगी वापरासाठी अतिक्रमण करण्याचा अधिकार कोणालाही नाही, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे मुख्य मागणीवर फूटपाथवासी हरले. हे सांगताना संकोच करू नये. परंतु पालिकेला हटविण्याची मुभा मिळाली, हटवाच असा हुकूम मिळाला नाही, हा भेदही त्याच वाक्यात सांगावा.

आता कारणे. येथे नवख्या वाचकाची हमखास फसगत होते. निकालपत्राच्या पूर्वार्धात दोन्ही बाजूंचे युक्तिवाद विस्ताराने दिलेले असतात, आणि वकिलाचे वाक्य न्यायालयाचे म्हणून उद्धृत केले जाते. अतिक्रमण करणाऱ्यांपाशी सांगण्यासारखे काही नसतेच, मग नोटीस कशाला, असा युक्तिवाद पालिकेच्या वतीने झाला होता. तो निकालपत्रात छापलेला आहे, पण न्यायालयाने तो फेटाळला. म्हणून प्रत्येक परिच्छेदाशी थांबून हे कोण बोलत आहे, असे विचारावे.

न्यायालयाच्या स्वतःच्या कारणमीमांसेत दोन पायऱ्या महत्त्वाच्या आहेत. पहिली अनुच्छेद २१ ची. जगण्याच्या अधिकारात उपजीविकेचा अधिकार येतो, कारण उपजीविकेचे साधनच काढून घेतले तर जीव घेण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग ठरेल. यातला आर्थिक दुवा लक्षात घेण्याजोगा आहे. माणसे फूटपाथवर हौसेने राहत नाहीत. गावात काम नसते, शहरात मिळते ते तुटपुंज्या मजुरीचे असते, आणि त्या मजुरीत कामाजवळ दुसरा निवारा परवडत नाही. तेव्हा निवारा गेला की रोजगारही जातो, हे न्यायालयाने मान्य केले. या माणसांचा हेतू गुन्ह्याचा नसल्याने ते फौजदारी अर्थाने अतिक्रमी ठरत नाहीत, असेही म्हटले.

दुसरी पायरी मर्यादेची आहे. अनुच्छेद २१ चा अधिकार कायद्याने ठरविलेल्या प्रक्रियेने हिरावून घेता येतो. मात्र ती प्रक्रिया न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे. कलम ३१४ नोटिशीविना कारवाई 'करता येईल' असे म्हणते, 'केलीच पाहिजे' असे म्हणत नाही. म्हणून न्यायालयाने त्याचा अर्थ असा लावला की, नोटीस देणे आणि म्हणणे ऐकून घेणे हा नियम, आणि नोटिशीविना हटविणे हा तातडीच्या परिस्थितीपुरता अपवाद. कलम वाचले, पण त्याची नखे कापली गेली. या खटल्यात मात्र न्यायालयाने स्वतःच सविस्तर ऐकून घेतले असल्याने पालिकेने पुन्हा सुनावणी घ्यावी, असा आदेश दिला नाही. कारण जिंकूनही निकाल हरता येतो, तो असा.

तिसरी वस्तू निर्देश. निर्देश वाचताना चार रकाने आखावेत : कोणी, कोणासाठी, काय, आणि केव्हापर्यंत. १९७६ च्या गणनेत नोंद झालेल्या फूटपाथवासीयांना शासनाने मालवणी येथे, किंवा त्याहून दूर नसलेल्या अन्य सोयीच्या ठिकाणी, पर्यायी जागा द्यावी. पण ही हटविण्याची पूर्वअट नव्हे. वीस वर्षांहून जुन्या आणि सुधारणा झालेल्या झोपडपट्ट्या सार्वजनिक कामासाठी जमीन लागल्याखेरीज हटवू नयेत, आणि हटविल्यास पर्यायी जागा द्यावी. पावसाळा संपून एक महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, कोणालाही फूटपाथवरून हटवू नये. 'पूर्वअट नव्हे' हे दोन शब्द सारांशातून गळले तर सारा अर्थ उलटतो. आधी जागा, मग पाडकाम, अशी हमी या निकालात आहे असे समजून वस्ती निर्धास्त राहते आणि एके सकाळी फसते.

या तिघांचे आयुष्यही सारखे नसते. निकाल त्या पक्षकारांपुरता असतो. तारखेने बांधलेला निर्देश त्या तारखेला संपतो. निर्णयाला आवश्यक असलेले कारण मात्र, अनुच्छेद १४१ मुळे, देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक राहते.

याची कसोटी आजच्या उदाहरणावर पाहावी. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी घरे पाडण्याविषयी निर्देश दिले : किमान १५ दिवसांची नोटीस आणि व्यक्तिशः सुनावणी. मात्र रस्ता, फूटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी वा जलाशय येथील अनधिकृत बांधकामांना हे निर्देश लागू नाहीत, असे त्याच निकालात स्पष्ट म्हटले आहे. म्हणून फूटपाथवासीयांना १५ दिवसांचे आश्वासन देणे ही दिशाभूल होईल. पण निर्देशातून वगळले म्हणजे संरक्षण संपले, हे पालिका अधिकाऱ्याचे उत्तरही मान्य करू नये. वाजवी नोटीस आणि सुनावणी हा नियम पाच न्यायमूर्तींच्या १९८५ च्या कारणमीमांसेतून येतो, आणि दोन न्यायमूर्तींचे पीठ तो रद्द करू शकत नाही.

वस्तीत सांगायचे ते एवढेच : जागेवर हक्क मिळालेला नाही, पर्यायी जागा १९८५ च्या निर्देशात बसणाऱ्यांनाच, आणि फूटपाथवासीयांना तीही हटविण्याआधी मिळेलच असे नाही, परंतु अचानक आलेल्या पाडकाम पथकाला 'नोटीस कोठे आहे आणि आमचे म्हणणे कोणी ऐकले?' असे विचारण्याचा अधिकार आहे. तो प्रश्न लेखी विचारावा, पोच घ्यावी आणि तारीख घालावी. न्यायालयात पुढे तोच कागद लागतो.