दोन चमचे, दोन वेळा

गारखेड्याचा कुणी तरुण आखातात नोकरीला गेला आणि खोकल्याने बेजार झाला, असे समजू या. औषधाच्या दुकानात तो म्हणतो, "उरीदु दवाअन् लिस्सुआल." म्हणजे, मला खोकल्यावर औषध हवे.

दुकानदार सांगतो, "मिल्अकतैन सगीरतैन, मर्रतैन यौमियन, बअदल् अक्ल."

मिल्अका म्हणजे चमचा, मर्रा म्हणजे वेळ, एवढे त्याला ठाऊक. 'दोन' हा शब्द काही कानी पडला नाही, म्हणून गडी एकच चमचा एकदाच घेतो! पण संस्कृतासारखे अरबीतही द्विवचन असते. शेवटचा 'ऐन'च दोन सांगतो. जेवणानंतर दोन लहान चमचे, रोज दोनदा. लहान चमचा 5 मिलिलिटरचा, म्हणजे दिवसाला 20. हा घेतो 5. तीन वेळा असते, तर आकडा उघड येतो : "सलास मर्रात." शंका आली, तर बोटे दाखवून विचारावे, "कम मर्रतन् फिल् यौम?" दिवसातून किती वेळा?