मदतीचं पान आणि तक्रार अधिकारी

समाजमाध्यमावरचं माझं खातं एका सकाळी बंद झालं. दहा वर्षांच्या कविता त्यातच होत्या. मदतीच्या पानावर महिनाभर लिहीत राहिलो, उत्तर नाही. अकोल्याच्या मित्राचंही तसंच झालं, फक्त त्याचं खातं पैसे भरून घेतलेलं.

अमरावतीतला माझा वकील भाचा म्हणाला, "मामू, मदतीचं पान म्हणजे तक्रार अधिकारी नव्हे." त्या अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क कंपनीनं संकेतस्थळावर द्यायलाच हवा, आणि तक्रारीची पोच 24 तासांत द्यायला हवी. मी रीतसर तक्रार केली, पोच जपली. निकालाची मुदतही गप्पच गेली. मग केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे gac.gov.in वर अपील केलं. 2023 पासून ही सोय आहे; फी नाही.

मित्राची वाट वेगळी. पैसे मोजले म्हणून तो ग्राहक. 2019 च्या कायद्यानं तो राहतो तिथंच, अकोल्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात, दोन वर्षांच्या आत तक्रार नेता येते. कंपनीच्या गावी जावं लागत नाही. फुकटच्या खात्याला हे दार उघडणं कठीण.

माझं अपील चालू आहे. कविता आठवतील तशा वहीत उतरवतोय.