फेरिटिनची सँडविच एलायझा : आखणी, धुणे आणि प्रमाण वक्र
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत प्रयोगशाळा विभागातर्फे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



रक्तक्षय-तपासणी शिबिरांसाठी आम्ही फेरिटिनची एलायझा तपासणी प्रयोगशाळेतच उभी केली. त्या कामात आमच्या हातून एक चूक घडली. ती का घडली आणि कशी सापडली, हे आज आपणांसमोर मांडतो.

फेरिटिन हे शरीरातील लोहाचा साठा करणारे प्रथिन आहे. निरोगी प्रौढ स्त्रीच्या सीरममध्ये ते दर मिलिलिटरला १५ नॅनोग्रॅमपेक्षा कमी असेल, तर लोहाचा साठा संपत आला असे मानतात. म्हणजे औषध द्यावे की न द्यावे, हा निर्णय वक्राच्या अगदी तळाच्या भागात होतो, जेथे रंग फिकट असतो आणि लहानशी चूकही मोठी ठरते. आमच्या आखणीचा हाच पाया होता.

सँडविच एलायझात प्लेटच्या तळाला चिकटवलेले पहिले प्रतिपिंड फेरिटिनला धरून ठेवते. दुसरे प्रतिपिंड वरून येऊन त्यालाच बिलगते. या दुसऱ्या प्रतिपिंडाला बायोटिन जोडलेले असते. त्यावर स्ट्रेप्टअ‍ॅव्हिडिनसह पेरॉक्सिडेज हे विकर बसते आणि ते टीएमबी या द्रव्याला रंग आणते. सामान्यतः दोन्ही प्रतिपिंडांनी प्रथिनाच्या वेगवेगळ्या जागा ओळखाव्या लागतात. फेरिटिन मात्र २४ उपघटकांचे बनलेले असल्याने तीच जागा त्यावर अनेकदा येते. म्हणून एकच प्रतिपिंड दोन्ही बाजूंना वापरता येते.

पहिल्या प्रतिपिंडाची १, २ आणि ४ मायक्रोग्रॅम अशी तीन प्रमाणे आणि दुसऱ्याची तीन विरलने आम्ही एकाच प्लेटवर आडवी-उभी मांडून पाहिली. सर्वांत गडद रंग देणारी जोडी निवडण्याचा मोह होतो. आम्ही ती निवडली नाही. सर्वांत कमी प्रमाण द्रावणाचे वाचन आणि कोऱ्या द्रावणाचे वाचन यांचे गुणोत्तर जिथे मोठे, ती जोडी घेतली, कारण आमचा निर्णय तळाशी होणार होता. ती जोडी २ मायक्रोग्रॅमची निघाली. कार्बोनेट बफरमध्ये, ९.६ सामूवर, ४ अंश तापमानाला रात्रभर लेपन करावयाचे. मग बोवाइन अल्ब्युमिनने उरलेल्या मोकळ्या जागा झाकावयाच्या. सीरम पाचपट विरल करून घालावयाचे आणि प्रमाण द्रावणेही त्याच विरलकात बनवावयाची. विकर घातल्यानंतरच्या कोणत्याही बफरमध्ये सोडियम अझाइड असू नये, कारण ते पेरॉक्सिडेजला निकामी करते.

आता त्या प्लेटची हकीकत. शिबिरातील एका तरुण स्त्रीचे हिमोग्लोबिन कमी होते आणि तांबड्या पेशी लहान होत्या, तरीही आमच्या अहवालात फेरिटिन १६.८ आले. अर्थ असा की साठा पुरेसा आणि लोहाची गरज नाही. आमच्या वैद्यांना हे पटले नाही. ज्वर किंवा दाह असता फेरिटिन वाढते हे खरे. पण तिची सीआरपी तपासणी सामान्य होती.

आम्ही प्लेटची मांडणी पुन्हा काढली. प्रमाण द्रावणे पहिल्या दोन उभ्या स्तंभांत होती, वरून खाली ६४, ३२, १६, ८, ४, २, १ आणि शून्य. नमुने पुढील स्तंभांत, प्रत्येक नमुना शेजारशेजारच्या दोन वेलमध्ये. या स्त्रीचा नमुना पाचव्या आडव्या ओळीत होता. त्याच ओळीत आणखी चार स्त्रियांचे नमुने होते, आणि ४ नॅनोग्रॅमचे प्रमाण द्रावणही. वक्रावरून उलट मोजले असता ते सुमारे ४.७ येत होते, म्हणजे ११८ टक्के. आम्ही ८० ते १२० टक्क्यांची मर्यादा घातलेली असल्याने ते निसटून गेले. दोन्ही वेल एकाच ओळीत असल्याने त्यांची वाचनेही जुळली. शून्याची ओळ स्वच्छ होती, म्हणून कोरे वाचनही निर्दोष दिसले.

दोष धुण्याच्या यंत्रात होता. त्याला आठ नळ्या आहेत, प्रत्येक ओळीला एक. पाचव्या शोषक नळीत बफरच्या क्षाराचे खडे साचले होते आणि त्या ओळीत दर धुण्यानंतर द्रव उरत होता. याचा परिणाम केवढा? वेल ३०० मायक्रोलिटरपर्यंत भरून उपसल्यावर ५ मायक्रोलिटर उरले, तर न चिकटलेले विकर प्रत्येक वेळी साठपट विरळ होते आणि चार धुण्यांत सुमारे १ कोटी ३० लाख पट. ३० मायक्रोलिटर उरले, तर चार धुण्यांत केवळ १० हजार पट. उरलेले ते विकर टीएमबीला रंग देतेच, फेरिटिन असो वा नसो.

तो रंग अहवालात कसा उतरतो, हे वक्राच्या सूत्रावरून समजते. सँडविच एलायझाचा आलेख सरळ रेषा नसतो. तो तळाशी सपाट, मध्ये चढता आणि माथ्याशी पुन्हा सपाट होतो. म्हणून चार अंकांचा लॉजिस्टिक वक्र बसवतात :

```
y = d + (a - d) / (1 + (x/c)^b)
x = c * ((a - d)/(y - d) - 1)^(1/b)
```

येथे y हे रंगाचे वाचन आणि x हे प्रमाण. a हे शून्य प्रमाणाचे वाचन, d हे माथ्याचे, c हे दोहोंच्या मध्यावरचे प्रमाण आणि b हा चढ. आमच्या प्लेटवर a ०.०५, d २.८५, c १२ आणि b १.२ असे आले होते. नमुना खरोखर ०.४५ वाचला असता, तर सूत्राने २.७ आणि पाचपटीने १३.५ नॅनोग्रॅम. उरलेल्या विकराने वाचनात केवळ ०.१० ची भर घातली आणि ते ०.५५ झाले, त्याचे उत्तर ३.३६, पाचपटीने १६.८. वक्र निर्दोष बसला होता, गणित बरोबर होते, आणि औषधाची गरज असलेली स्त्री रिकाम्या हाताने परत गेली होती. नळी साफ करून तपासणी पुन्हा केली, तेव्हा १३.४ आले. पाचही स्त्रियांना बोलावून आम्ही सर्वांच्या तपासण्या फेरल्या.

त्यानंतर आम्ही तीन गोष्टी बदलल्या. एका नमुन्याचे दोन वेल आता वेगवेगळ्या ओळींत असतात, म्हणजे एका नळीचा दोष वाचनांच्या तफावतीतून उघड होतो. दिवसाअखेर यंत्रातून ऊर्ध्वपातित पाणी फिरवतो, आणि धुतलेली प्लेट शोषक कागदावर उलटी ठोकल्याखेरीज पुढे जात नाही. मात्र वेल कोरडेही पडू देत नाही. तिसरे म्हणजे, दर आठवड्यास ब्लॉक केलेल्या एका प्लेटच्या ९६ वेलमध्ये केवळ विकर घालतो, धुतो आणि टीएमबी ओततो. जिथे निळा रंग येतो, तिथली नळी दोषी.

वक्राबाबतही नियम कडक केला. तळाच्या प्रमाण द्रावणांचे उलट गणित ८५ ते ११५ टक्क्यांत बसलेच पाहिजे. बसवताना वाचनांना भार देतो, अन्यथा माथ्याची मोठी वाचने तळाच्या लहान वाचनांवर कुरघोडी करतात. १ ते ६४ या कक्षेबाहेरचा आकडा वक्र लांबवून देत नाही. नमुना आणखी विरल करून पुन्हा तपासतो. फेरिटिन अतिशय वाढलेले असता दोन्ही प्रतिपिंडे वेगवेगळ्या रेणूंवर भरून जाऊन वाचन उलट घसरू शकते. संशय येताच पाचशेपट विरलनही लावतो.

त्या स्त्रीचा १३.४ चा अहवाल आम्ही प्लेटच्या मांडणीसह नोंदवहीत चिकटवून ठेवला आहे. नवा तंत्रज्ञ आला की प्रथम ते पान त्याच्यापुढे उघडतो आणि पाचव्या ओळीवर बोट ठेवतो.