मुखत्यारपत्र रद्द केलं, पण कळवलं कोणाला?



आज एका खालांची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही. राहतात मुंब्र्यात, माहेर रत्नागिरी तालुक्यातलं. अब्बांच्या पश्चात कलमांच्या बागेत त्यांना हिस्सा मिळाला. दर वेळी गावी जाणं जमेना, म्हणून त्यांनी धाकट्या भावाला नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र दिलं. बाग मक्त्याने देणं, गावच्या बँकेतलं खातं चालवणं आणि गरज पडली तर जमीन विकणं, असे तिन्ही अधिकार एकाच कागदात होते.

तीन वर्षांनी मक्त्याचे पैसे यायचे थांबले. जमिनीला गिऱ्हाईक शोधलं जातंय, असंही कानावर आलं. खाला नोटरीकडे गेल्या, मुखत्यारपत्र रद्द केल्याचा लेख करून घेतला आणि कपाटात ठेवला. दोन महिन्यांनी भावाने त्याच मुखत्यारपत्रावर मुदत ठेव मोडली. बँकेने विचारलं, ‘आम्हाला कळवलंत कधी?’

बँकेचं म्हणणं कायद्याला धरून होतं. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम २०८ सांगतं की मुखत्याराचा अधिकार संपला हे मुखत्याराला कळतं तेव्हा तो त्याच्यापुरता संपतो, आणि तिऱ्हाइताला कळतं तेव्हा तिऱ्हाइतापुरता. म्हणजे रद्द करणं हे अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे कळवणं, आणि कळवल्याचा पुरावा ठेवणं.

मग आम्ही खालांसोबत बसून सगळं पुन्हा केलं. मूळ कागद नोंदणीकृत होता, म्हणून रद्दलेखही त्याच दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवला. त्यात मूळ दस्ताचा क्रमांक, वर्ष, तारीख आणि कार्यालय स्पष्ट लिहिलं. कारण लिहिलं नाही. कारण द्यावं लागत नाही, आणि भावावर आरोप लिहून नातं आणखी बिघडवायचीही गरज नसते. ‘आजपासून हा अधिकार काढून घेत आहे, मूळ प्रत परत करावी’ एवढं पुरतं.

भावाला पत्र पोहोचपावतीसह टपालाने पाठवलं. लिफाफा ‘घेण्यास नकार’ असा शेरा होऊन परत आला. तो न फोडता जपून ठेवायचा. तोही पुरावाच आहे.

बँकेत खाला स्वतः गेल्या. अर्जात बचत खातं, मुदत ठेव आणि लॉकर यांचे क्रमांक वेगवेगळे लिहिले, रद्दलेखाची प्रत जोडली आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घेतली. तिथे आणखी एक गोष्ट उघड झाली. खात्याला मोबाईल नंबर भावाचा होता, चेकबुक आणि एटीएम कार्डही त्याच्याकडे. मुखत्यारपत्र रद्द झालं तरी ओटीपी त्याच्याच फोनवर जाणार! म्हणून त्याच दिवशी नंबर बदलला, कार्ड बंद केलं आणि उरलेले चेक थांबवण्याचा अर्ज दिला.

आता नोंदणी कार्यालयाचं. तिथेच रद्दलेख नोंदवला, मग कार्यालयाला कळलंच की, असं आपल्याला वाटतं. तसं धरून चालू नका. असा लेख साधारणपणे चार नंबरच्या पुस्तकात जातो. खरेदीदार शोध घेतो तो जमिनीच्या व्यवहारांच्या सूची दोनमध्ये. तिथे तो त्याला दिसत नाही. शिवाय विक्रीच्या वेळी मुखत्यार स्वतःच घोषणापत्र देतो की मुखत्यारपत्र अजून रद्द झालेलं नाही. म्हणून दुय्यम निबंधकांना वेगळा अर्ज द्यावा. त्यात गट नंबर आणि दोन्ही दस्तांचे क्रमांक लिहून पोच घ्यावी. शहरात एकाच हद्दीत अनेक सह दुय्यम निबंधक कार्यालयं असतात. तिथे प्रत्येक ठिकाणी प्रत द्या. तलाठ्याला, आणि फ्लॅट असेल तर सोसायटीलाही. खालांनी स्थानिक मराठी वर्तमानपत्रात जाहीर सूचनाही दिली, कारण उद्याचं गिऱ्हाईक कोण हे आपल्याला माहीत नसतं.

दोन मर्यादा लक्षात ठेवा. रद्द करण्याआधी मुखत्याराने अधिकारात राहून जे केलं, ते रद्दलेखाने मागे फिरत नाही. त्याचा हिशेब मात्र मागता येतो. आणि मुखत्याराने मोबदला देऊन त्या मालमत्तेत स्वतःचा हितसंबंध मिळवला असेल, तर असं मुखत्यारपत्र एकतर्फी काढून घेता येत नाही. त्यामुळे ‘मोबदला मिळाला’ असं वाक्य असलेल्या कागदावर सही करण्याआधी दोनदा वाचा.

खालांची ठेव मोडली ती मोडली. तिचा हिशेब त्या आता भावाकडे मागत आहेत. जमीन मात्र वाचली. नोटीस वाचून एका गिऱ्हाइकानेच त्यांना फोन केला आणि बयाणा द्यायचा थांबला.

घरी गेल्यावर एक करा. तुम्ही कोणाला मुखत्यारपत्र दिलं असेल, तर त्याची प्रत शोधा आणि दस्त क्रमांक लिहून ठेवा. वेळ आली तर सुरुवात तिथूनच होते.