अल्ट्रासॉनिक तपासनिसाच्या नोंदवहीतले तास

वेल्डिंगच्या सांध्यात दडलेली भेग अल्ट्रासॉनिक तपासणीने, सांधा न तोडता शोधता येते. हे काम शिकणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. निव्वळ कोर्स केला म्हणजे लेव्हल टू मिळाली, असं होत नाही.

भारतात अनेक कारखाने अमेरिकेतल्या एएसएनटी संस्थेची एसएनटी-टीसी-१ए ही शिफारस पाळतात. तिच्यानुसार लेव्हल वनसाठी ४० तास प्रशिक्षण आणि ४०० तास अनुभव लागतो. त्यातले किमान २१० तास अल्ट्रासॉनिकचेच हवेत. उरलेले १९० डाय पेनिट्रंटसारख्या दुसऱ्या पद्धतीतले चालतात. लेव्हल टूसाठी आणखी ४० तास प्रशिक्षण आणि १२०० तास अनुभव, पैकी ६३० अल्ट्रासॉनिकचे. शिवाय परीक्षा आहेतच. लेव्हल वनचा माणूस लेखी सूचनेबरहुकूम तपासतो. निष्कर्ष काढून अहवाल देणं लेव्हल टूचं काम.

शिकाऊ असताना प्रमाणित तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली केलेलं कामच मोजावं. म्हणून तारीख, पद्धत, तास आणि देखरेख करणाऱ्याची सही त्याच दिवशी वहीत नोंदवा. एसएनटी-टीसी-१एनुसार प्रमाणपत्र मालक देतो, त्यामुळे नोकरी बदलल्यावर नवा मालक हीच वही तपासतो.