टपरीचा हिशेब

"चहाची टपरी टाकायची आहे, बँकेसाठी प्रकल्प अहवाल करून द्या," असं म्हणत तरुण मुलं माझ्याकडे येतात. टपरी कुठे, असं विचारलं की उत्तर येतं, "बघू की कुठेतरी." मग मी लेखणी खाली ठेवतो, कारण जागा ठरल्याशिवाय एकही आकडा खरा होत नाही.

समजा, जागा तालुक्याच्या गावी तहसील कचेरीसमोर आहे. आधी एक कप धरू. एक लिटर दूध आणि अर्धा लिटर पाणी घेतलं, तर आटून ऐंशी मिलिलिटरचे १७ कप निघतात. दूध ६० रुपये, चहा पावडर १६, साखर आणि आलं ९, गॅस आणि कागदी कप १७. झाले १०२, म्हणजे कपाला ६ रुपये. विक्री १० रुपयांना, हातात राहिले ४. हे भाव मी धरलेले. तुम्ही आपल्या गावचे घाला. दूधवाला रोज काय भाव लावतो, हे त्यालाच विचारा.

आता महिन्याचा ठरलेला खर्च. भाडं, पोऱ्याचा पगार आणि लाइटबिल मिळून २०,८०० धरू. स्वतःची मजुरी १५,६०० तरी धराच. बहुतेक जण तीच विसरतात आणि धंदा फायद्यात आहे असं समजतात. दोन्ही मिळून ३६,४००. चारने भागले की महिन्याला ९,१०० कप. महिन्याचे २६ दिवस धंदा धरला, तर रोज ३५० कप खपले पाहिजेत.

पण २०२० पासून राज्य सरकारच्या कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा आहे. कचेरीसमोर गिऱ्हाईक जेमतेम २२ दिवस, भाडं मात्र पूर्ण महिन्याचं. म्हणजे रोज ४१४ कप. एवढ्या एका स्थानिक गोष्टीने रोजचे ६४ कप वाढले!

तिथे तेवढा चहा खपतो का? शेजारच्या टपरीवाल्याला खप विचाराल तर खरं उत्तर मिळेलच असं नाही. त्याच्याकडे रोज किती लिटर दूध उतरतं ते पाहा. दहा लिटर उतरत असेल, तर १७० कपांच्या आसपास. दोन टपऱ्या मिळून २० लिटरच घेत असतील, तर तिसऱ्याने ४१४ कपांची आशा धरू नये; बाजार समिती किंवा एसटी स्टँडकडे जाऊन तिथलं दूध मोजावं.

नगरपरिषदेचं विक्री प्रमाणपत्र आणि अन्न नोंदणी यांबद्दल बँकेत अर्ज करण्याआधी विचारून ठेवा. आणि एक आकडा कुणीच लिहीत नाही, तो उधारीचा. कचेरीतला चहा वहीवर जातो, पैसे पगार झाल्यावर. रोजचे १०० कप वहीवर गेले, तर २२ दिवसांत २२,००० रुपये अडकतात, आणि दूधवाला आठवड्याला पैसे मागतो. म्हणून शेगडी, पातेली, टपरी यांच्या खर्चाखाली ही रक्कम खेळतं भांडवल म्हणून वेगळी लिहा.